अर्धवट भरलेली ऑर्डर आणि मागे उरलेले ६० शेअर: रुटीनमध्ये नेमकं कुठे चुकतंय?

विजापूरवेस
कॅश मार्केट, इंट्राडे, पायथनमधलं साधं रुटीन. सिग्नल आला की ५०० शेअरची लिमिट बाय जाते. ३० सेकंदांत पूर्ण भरली नाही तर उरलेली रद्द करायची, जेवढे हातात आले तेवढ्यांचा स्टॉपलॉस टाकायचा आणि ३ वाजून १० मिनिटांनी बाहेर पडायचं.

कालचा लॉग बघा. १०:०४:११ ला ४१२.५० ची ऑर्डर गेली. १०:०४:२४ ला १८० भरले. १०:०४:४१ ला रद्दची विनंती आणि लगेच १८० चा स्टॉपलॉस. दुपारी १८० विकले, रुटीनच्या हिशेबाने खातं शून्य. पोझिशनमध्ये मात्र ६० शेअर शिल्लक. ते नंतर ब्रोकरच्या ऑटो स्क्वेअर ऑफमध्ये गेले, वर त्याचा वेगळा चार्ज.

कोडचा तो भाग असा आहे:

```python
o = get_order(order_id)
if o["status"] != "COMPLETE":
    cancel(order_id)
    place_stop(o["filled_quantity"])
```

हे ६० आले कुठून? ब्रोकरच्या एपीआयमध्ये घोळ आहे असं मला वाटतंय.

बाळीवेस
लिमिटचा नाद सोडा. मार्केट ऑर्डर टाका, सगळे ५०० एका झटक्यात. अर्धवट भरण्याचा प्रश्नच उरत नाही.

सातरस्ता
एपीआयमध्ये घोळ नाही, ओळींच्या क्रमात आहे. `filled_quantity` तुम्ही रद्द करायच्या आधी वाचली आणि वापरली रद्द केल्यानंतर. मधल्या वेळात ६० भरले.

रद्द करणं म्हणजे एक्सचेंजला केलेली विनंती. ती तुमच्याकडून ब्रोकरकडे, तिथून एक्सचेंजला पोचेपर्यंत ऑर्डर पुस्तकात जिवंतच असते. `cancel()` ने यश कळवलं म्हणजे विनंती पोचली, एवढंच. ऑर्डर मेली असं त्यातून कळत नाही. पुढे तीन गोष्टी होऊ शकतात: १८० वरच रद्द होईल, मधे आणखी काही भरून उरलेली रद्द होईल, किंवा विनंती पोचायच्या आत पूर्ण ५०० भरतील आणि रद्दची विनंतीच नाकारली जाईल. तुमचं रुटीन फक्त पहिली शक्यता धरून चालतं.

क्रम असा हवा:

```python
cancel(order_id)
o = wait_until_final(order_id)
held = o["filled_quantity"]
set_stop(held)
```

`wait_until_final` मध्ये स्टेटस `COMPLETE`, `CANCELLED` किंवा `REJECTED` होईपर्यंत थांबायचं. त्यानंतरचा आकडा बदलत नाही. कालच्या ऑर्डरबुकात जाऊन बघा, त्या ऑर्डरसमोर `CANCELLED`, भरलेले २४०, रद्द २६० असंच दिसेल.

आणि `CANCELLED` म्हणजे काहीच झालं नाही असं समजू नका. २४० शेअर घेऊन रद्द झालेल्या ऑर्डरचं स्टेटससुद्धा `CANCELLED` च असतं. पुष्कळ रुटीन तो शब्द वाचून पुढच्या सिग्नलकडे वळतात. तुमचे निदान १८० तरी सांभाळले गेले, त्यांचे सगळेच वाऱ्यावर.

बाळीवेस, मार्केट ऑर्डरबद्दल: निफ्टीतल्या मोठ्या शेअरमध्ये ५०० नग लगेच भरतील हे खरं. पण समोरचं पुस्तक पातळ असेल तर चार-पाच भावांवर भरत जाते, सरासरी वर सरकते. अप्पर सर्किटला विकणारेच नसतील तर मार्केट ऑर्डरसुद्धा अर्धी लटकते. प्रश्न कमी वेळा येईल एवढंच. तो येईल तेव्हा कोडला उत्तर माहीत असायलाच हवं.

टॉवेलवाला_एमआयडीसी
आमच्याकडे रोजचंच आहे हे. पार्टी ५०० डझन टॉवेल मागते, माल तयार १८० चा. अर्धा ट्रान्सपोर्टला गेला की पार्टीचा फोन, बाकी रद्द करा. तोवर ६० डझनाचा टेम्पो अक्कलकोट रोडवरून निघालेला. बिलटी बघितल्याशिवाय हिशेब लावायचा नाही, फोनवर तर अजिबात नाही. तुम्ही कुठला माल करता, चादर की नॅपकिन?

शेंगाचटणी
अण्णा, हे शेअर बाजाराचं चाललंय 😄 पण तुमची बिलटी आणि सातरस्तांचं फायनल स्टेटस एकच की!

टॉवेलवाला_एमआयडीसी
अरे देवा. शीर्षकात ‘ऑर्डर’ वाचलं आणि आत शिरलो. असू द्या, वाचतो आता.

विजापूरवेस
बघितलं. १०:०४:४२ ला `CANCELLED`, भरलेले २४०, रद्द २६०. म्हणजे एका सेकंदाच्या आत ६० भरले. एपीआयला दिलेल्या शिव्या परत घेतो.

पण फायनल स्टेटस येईपर्यंत थांबलो तर तेवढा वेळ हातातले १८० स्टॉपलॉसशिवाय राहतात. शिवाय रद्द करायच्या आधीचे ३० सेकंद तर पूर्ण उघडेच आहेत. तिथे काय करायचं?

सातरस्ता
तुमच्या आराखड्यातली खरी फट तीच. ६० शेअर हे तिचं छोटं रूप.

बाय लिमिट अर्धी भरून अडकते तेव्हा भाव बहुधा वर निघून गेलेला असतो. उरलेली भरते ती भाव खाली येताना. तुमची ऑर्डर ४१२.५० ला आहे आणि भाव घसरत ४०९ च्या ट्रिगरकडे निघाला, तर वाटेत ४१२.५० लागतंच. म्हणजे स्टॉपलॉसची गरज पडायच्या आधी उरलेले ३२० जवळपास नक्की तुमच्या गळ्यात पडणार. १८० वर हिशेब थांबलेला असेल तर स्टॉपलॉस १८० विकेल आणि पडत्या बाजारात ३२० तुमच्याकडे राहतील. अर्धवट ऑर्डर पूर्ण होते ती नेमकी नको त्या वेळी.

म्हणून स्टॉपलॉस पहिल्या भरण्याबरोबरच टाका आणि पुढे प्रत्येक वाढीला मॉडिफाय करा. १८० भरले की १८० चा, २४० झाले की तीच ऑर्डर २४० ची. आणि स्टॉपलॉस ट्रिगर झाल्याचं कळलं की सगळ्यात आधी एंट्रीची उरलेली ऑर्डर रद्द, मग बाकीचं. नाहीतर एका दाराने विकताय आणि दुसऱ्या दाराने घेताय.

होटगी_लोकल
यात एक पुरवणी. वाढ मोजताना बेरीज करू नका. ऑर्डर अपडेटमधला `filled_quantity` हा त्या ऑर्डरचा आतापर्यंतचा एकूण आकडा असतो. अपडेट दोनदा येतात, कधी उलट्या क्रमानेही येतात. १८०, २४० आणि मागून परत उशिराचा १८० असं आलं तर बेरीज करणाऱ्या कोडच्या मते हातात ६०० शेअर आहेत. ऑर्डरच मुळात ५०० ची! आधीचा आकडा आणि नवा आकडा यांतला मोठा ठेवायचा, बाकी सोडून द्यायचं. भरलेले शेअर परत रिकामे होत नाहीत, त्यामुळे हा आकडा कमी होणं शक्यच नाही.

बाळीवेस
एवढी उठाठेव कशाला? बरं, मार्केट ऑर्डर नको तर आयओसी टाका. मिळेल तेवढं लगेच, उरलेलं एक्सचेंजच रद्द करतं. ना ३० सेकंद, ना रद्दची विनंती.

सातरस्ता
एंट्रीसाठी हे मला पटतं. विक्रीचा भाव ४१२.४० दिसत असेल तर ४१२.५० ची आयओसी लिमिट टाकायची. ऑर्डर पुस्तकात थांबतच नाही, त्यामुळे वर सांगितलेली मधल्या वेळेची अडचण जवळपास संपते. फायनल स्टेटस तरीही वाचायचंच. काही भरून उरलेली रद्द असो की एकही न भरता रद्द असो, शब्द तोच, `CANCELLED`.

बाहेर पडताना मात्र आयओसीवर भिस्त ठेवू नका. तिथे उरलेला भाग रद्द होणं म्हणजेच पोझिशन शिल्लक राहणं. एंट्रीत न भरलेल्या ऑर्डरने फक्त संधी जाते. बाहेर पडताना न भरलेली ऑर्डर म्हणजे जोखीम तशीच अंगावर. दोन्हीकडे एकच फंक्शन वापरणाऱ्यांनी हे बघावं.

विजापूरवेस
आयओसीने १२ च शेअर मिळाले तर? प्रत्येक ऑर्डरला २० रुपये ब्रोकरेज जाणार. १२ शेअरवर ते सुटणार कसे?

कडक_भाकरी
तुमचा रेट बघा एकदा. कॅश इंट्राडेला पुष्कळ डिस्काउंट ब्रोकर ०.०३ टक्के किंवा २० रुपये, यांपैकी जे कमी ते घेतात. ४१२.५० चे १२ म्हणजे ४९५० रुपये, त्यावर दीड रुपयाच्या आत. सरसकट २० लागतात ते ऑप्शनमध्ये. आणि एकच ऑर्डर दहा तुकड्यांत भरली तरी ब्रोकरेज एकाच ऑर्डरचं. रद्द करून नवी टाकली की मात्र दोन ऑर्डरी झाल्या.

माझा प्रश्न ऑप्शनचाच आहे. स्प्रेडमध्ये एक पाय पूर्ण भरतो, दुसरा अर्धा. पाच लॉट विकले आणि हेज तीनच लॉटचं मिळालं तर दोन लॉट उघडे, वर मार्जिन वाढून पुढची ऑर्डर रिजेक्ट. दोन्ही ऑर्डरी एकाच वेळी सोडल्या तर हे हमखास. यावर काय करता?

सातरस्ता
एकाच वेळी सोडूच नका. आधी हेजची खरेदी, तिचं फायनल स्टेटस, आणि जेवढे लॉट हातात आले तेवढेच विकायचे. हेज तीन लॉट, तर विक्री तीन. विक्री त्यातही दोनच भरली तर तिसऱ्या लॉटचं हेज जास्तीचं राहील, ते विकून टाका किंवा राहू द्या. त्यात जास्तीत जास्त त्याचा प्रीमियम जाईल, उघड्या विक्रीसारखी जोखीम नाही.

बाहेर पडताना उलट. आधी विकलेला पाय परत घ्यायचा आणि जेवढा बंद झाला तेवढंच हेज सोडायचं. फ्यूचर-ऑप्शनमध्ये भरणं लॉटच्या पटीतच होतं, त्यामुळे सुटे नग राहत नाहीत, एवढं एक सुख.

कडक_भाकरी
पण हेज भरेपर्यंत विक्रीचा भाव पळतो. दोन-तीन रुपयांचा फरक रोज पडतोय.

सातरस्ता
पडतो. तो हेजचा खर्च समजा. तो नको असेल तर उघडं राहण्याची जोखीम जाणूनबुजून घ्यावी लागेल. दोन्हीपैकी काहीच नको म्हणाल तर तसा क्रम मला माहीत नाही.

होटगी_लोकल
ऑप्शनवाल्यांनी आणखी एक बघावं. तिथे स्टॉपलॉस मार्केट चालत नाही, स्टॉपलॉस लिमिटच टाकावी लागते. ती स्वतःच अर्धी भरू शकते. ट्रिगर लागला, थोडे लॉट गेले, भाव तुमच्या लिमिटच्या पलीकडे उडी मारून गेला की उरलेले लॉट पुस्तकात लटकतात. कोडला वाटतं स्टॉपलॉस लागला, काम झालं. ट्रिगर लागण्याला बाहेर पडणं समजू नका. `pending_quantity` शून्य होईपर्यंत लिमिट सरकवत राहायची. पण दर अर्ध्या सेकंदाला सरकवाल तर ब्रोकरच्या मॉडिफायच्या मर्यादेला धडकाल. दोन-तीन मोठी पावलं बरी.

विजापूरवेस
माझ्याकडे टार्गेटही आहे, ते आधी लिहायचं राहिलं. २४० हातात असताना ४१८ ची लिमिट सेल २४० ची आणि ४०९ चा स्टॉपलॉस २४० चा, दोन्ही एकदम पडून असतात. एक पूर्ण भरली की दुसरी रद्द करतो. यात काही धोका?

शेंगाचटणी
राव, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं की!

सातरस्ता
धोका ‘पूर्ण भरली की’ या शब्दांत आहे. ४१८ ला १५० भरले आणि भाव फिरला असं धरा. टार्गेट पूर्ण नाही, म्हणून स्टॉपलॉसला कोणी हात लावला नाही. तो अजून २४० चा. भाव ४०९ ला आला, २४० विकले गेले. हातात होते ९०, म्हणजे १५० शेअर शॉर्ट झाले. कोडच्या मते मात्र ट्रेड संपला. टार्गेटचे उरलेले ९० सुद्धा वर पडून आहेतच. भाव परत चढला तर तेही विकले जाऊन शॉर्ट २४० चा.

त्यात शेअर अप्पर सर्किटला गेला तर परत घ्यायला मिळणार नाही. ऑटो स्क्वेअर ऑफलासुद्धा विक्रेता लागतो. तो नसेल तर शॉर्ट डिलिव्हरी, मग ऑक्शन, आणि तिथला भाव तुमच्या हातात नाही.

दुसरं, बऱ्याच ब्रोकरकडे दुसरी सेल ऑर्डर ही नवीन शॉर्ट धरली जाते आणि तिला वेगळं मार्जिन अडकतं. मार्जिन कमी असलं की दुसरी ऑर्डर रिजेक्ट. ती जर स्टॉपलॉस असेल तर खाली काहीच आधार नाही.

निदान एवढं करा: टार्गेटचा कुठलाही तुकडा भरला की लगेच स्टॉपलॉस तेवढ्याने कमी. पण हा मॉडिफाय पोचेपर्यंतची फट राहतेच. मला पटणारी रचना वेगळी आहे. एक्सचेंजवर बाहेर पडण्याची एकच ऑर्डर ठेवायची, ती स्टॉपलॉस. टार्गेट फक्त कोडमध्ये. भाव ४१८ ला आला की तीच स्टॉपलॉस ऑर्डर मॉडिफाय करून ४१८ ची साधी लिमिट करायची. एकच ऑर्डर असल्यामुळे २४० च्या वर विक्री होऊच शकत नाही.

होटगी_लोकल
तत्त्व बरोबर, पण लिमिट केल्यावर १५० भरले आणि भाव फिरला तर? उरलेल्या ९० ची ऑर्डर परत स्टॉपलॉस करायची. तेव्हा मॉडिफायमध्ये संख्या काय द्यायची, २४० की ९०? काही एपीआयमध्ये ती मूळ ऑर्डरची एकूण संख्या असते, काहींमध्ये उरलेली. चुकीची दिली तर तुमची ‘जास्त विक्री होऊच शकत नाही’ ही खात्रीच जाते.

सातरस्ता
मान्य. खात्री फक्त संख्येला हात न लावेपर्यंतची. तुमच्या एपीआयचा अर्थ पक्का कळत नसेल तर तिथे मॉडिफाय करू नका. उरलेली रद्द करा, फायनल स्टेटस घ्या आणि ९० चा नवा स्टॉपलॉस टाका. सेकंदभर उघडे राहाल, पण संख्या चुकणार नाही.

होटगी_लोकल
भाव फिरलेला असताना तोच सेकंद महाग पडतो. मी मॉडिफायच करीन आणि त्यानंतर `pending_quantity` वाचून ९० आहे का बघीन. नसेल तर तिथल्या तिथे दुरुस्त.

सातरस्ता
तुमच्या पद्धतीत दुरुस्तीच्या आधी ऑर्डर भरू शकते. माझ्या पद्धतीत नाही. बाकी ज्याची त्याची पसंती.

बाळीवेस
मी काय म्हणतो, शेवटी पोझिशन वाचायची आणि जी असेल ती उडवायची. ३ वाजून १० मिनिटांनी एकच ओळ. एवढं रामायण लागत नाही.

कडक_भाकरी
त्याच खात्यात त्याच शेअरची हाताने घेतलेली इंट्राडे पोझिशन असेल तर तीही उडेल. शिवाय सकाळी १०:०४ ला चुकलेलं ३:१० ला पकडलं, तर मधले पाच तास ते शेअर स्टॉपलॉसशिवायच होते ना?

होटगी_लोकल
बाळीवेसांचं निम्मं घ्या. पोझिशन वाचायचीच, पण दर मिनिटाला, आणि दुसऱ्या आकड्याशी ताडायला. प्रत्येक ऑर्डरला रुटीनचा टॅग लावायचा. त्या टॅगच्या सगळ्या खरेदीचं भरलेलं वजा सगळ्या विक्रीचं भरलेलं, हा रुटीनचा स्वतःचा आकडा. त्यात `CANCELLED` ऑर्डरीही मोजायच्या, त्या गाळल्या की पुन्हा तेच ६०. हा आकडा आणि स्टॉपलॉसची `pending_quantity` सारखी हवी. सारखी नसेल तर आधी स्टॉपलॉस जुळवायचा. आणि टॅगचा आकडा पोझिशनशी जुळला नाही तर नव्या एंट्री बंद करून माणसाला बोलवायचं. तिथे कोडने आपल्या मनाने विकायचं नाही.

टॅगचा दुसरा उपयोग लाईट गेल्यावर. आपल्याकडे उन्हाळ्यात राउटर कधी बंद पडेल सांगता येत नाही. ऑर्डर पाठवली, उत्तर यायच्या आत नेट गेलं, तर परत पाठवू नका. आधी ऑर्डरबुकात तो टॅग शोधा. रुटीन चालू होताना पहिलं कामही हेच: ऑर्डरबुक वाचणं, आपला आकडा मांडणं, मग सिग्नल.

टॉवेलवाला_एमआयडीसी
म्हणजे गोदामातला माल रोज वहीशी ताडायचा आणि वही आपली वेगळी ठेवायची. हे कळलं मला.

विजापूरवेस
असं बदललंय: एंट्री आयओसी लिमिट, फायनल स्टेटसनंतरच संख्या, टार्गेट कोडमध्ये, एक्सचेंजवर एकच स्टॉपलॉस. टॅगचा हिशेब दर मिनिटाला. १२ शेअर मिळाले तरी ठेवतो, कारण नियम एकच राहतो.

एक राहिलं. `wait_until_final` ने थांबायचं किती? मी १० सेकंद ठेवलेत.

सातरस्ता
१० ठेवा की ५, मुदत संपल्यावर कोड काय करतो ते सांगा.

विजापूरवेस
शेवटचा दिसलेला आकडा धरून पुढे जातो.

शेंगाचटणी
अन् ६० शेअर परत दारात उभे 😄

सातरस्ता
हो ना. तोच मूळ दोष मागच्या दाराने आला. मुदत संपली म्हणून आकडा पक्का होत नाही. शेवटच्या दिसलेल्या आकड्याचा स्टॉपलॉस टाका, तो चालेल. पण ऑर्डर ‘अनिश्चित’ म्हणून नोंदवून ठेवा, विचारणं चालू ठेवा, आकडा वाढला की स्टॉपलॉस वाढवा. ती नोंद मिटेपर्यंत त्या शेअरमध्ये नवी एंट्री नाही.

होटगी_लोकल
आणि मॉडिफायमधल्या संख्येचं तुमच्या ब्रोकरकडे काय निघतं ते इथे टाका. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये १० नगांची सेल लिमिट लावा, दोन-तीन भरले की फक्त भाव बदला आणि संख्या १० च पाठवा. `pending_quantity` मध्ये सात-आठ दिसले तर संख्या एकूण धरली जाते. परत १० दिसले तर उरलेली. हातात निदान २० शेअर असताना करा, नाहीतर त्या तपासणीतच शॉर्ट व्हाल.

विजापूरवेस
सोमवारी करून बघतो.